कर, फी आणि उपकर: शासन कशासाठी घेते आणि किती घेऊ शकते

पुण्यात नोकरी करणाऱ्या कोणाचीही पगारपत्रिका पाहा. व्यवसाय कराच्या रकान्यात अकरा महिने २०० रुपयांची कपात दिसते आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची. पगार लाखाचा असो वा पाच लाखांचा, आकडा बदलत नाही. त्याच घरी महापालिकेचे मिळकतकराचे बिल येते, तेव्हा त्यात सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर अशा अनेक ओळी असतात. त्यांतल्या काहींना बिलावर 'कर' म्हटलेले असले, तरी ज्या कायद्याने त्या आकारल्या जातात त्या कायद्याच्या नावातच 'उपकर' आहे. वर्षअखेरीस आयकर भरताना मूळ करावर आणखी चार टक्के 'आरोग्य व शिक्षण उपकर' द्यावा लागतो. नोंदणीकृत संस्था चालवणाऱ्यांना धर्मादाय कार्यालयाची वर्गणीही ठाऊक असते.

खिशातून जाणारा पैसा एकच असल्यामुळे हे सारे 'सरकारी देणे' या एकाच खात्यात टाकण्याचा आपला कल असतो. राज्यघटना मात्र त्यांचे वेगवेगळे हिशेब मांडते आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा घालते. या देण्यांपैकी कोणत्याला आव्हान देता येते आणि कोणत्या मुद्द्यावर, हे त्या मर्यादांवरूनच ठरते.

तीन प्रकारची देणी

कर म्हणजे सार्वजनिक खर्चासाठी कायद्याने सक्तीने घेतलेला पैसा. त्याच्या बदल्यात करदात्याला काही विशिष्ट मिळालेच पाहिजे, अशी अट नसते. फी म्हणजे शासनाने किंवा त्याच्या एखाद्या संस्थेने पुरवलेल्या सेवेच्या किंवा केलेल्या नियमनाच्या खर्चापोटी घेतलेली रक्कम. उपकर, म्हणजेच सेस, हा बहुतेक वेळा करच असतो. फक्त त्याचा पैसा कोणत्या कामासाठी वापरायचा हे तो लावतानाच जाहीर केलेले असते.

गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना हा फरक पटकन उमगेल. दरमहा देखभाल खर्च सगळ्यांनाच द्यावा लागतो, मग तुम्ही बागेत पाऊल टाका वा न टाका. हे कराच्या जवळचे. मुलीच्या साखरपुड्यासाठी सोसायटीचे सभागृह घेतले तर त्याचे पैसे वेगळे, ही फी. लिफ्ट बदलण्यासाठी वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम जास्त घेतली तर तो उपकर. लिफ्टच्या नावाने जमलेले पैसे रंगकामाला वापरले गेले तर सर्वसाधारण सभेत जो वाद होईल, तोच वाद देशाच्या पातळीवर उपकराबाबत होत असतो. त्याकडे पुढे येऊच.

मराठीत 'शुल्क' हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो. उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क हे कर आहेत, परीक्षा शुल्क ही फी आहे. म्हणून या लेखात 'फी' हाच शब्द ठेवला आहे.

कराला पहिली मर्यादा: विषय कोणाचा?

राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता किंवा वसूल करता येणार नाही. अधिकाऱ्याचे परिपत्रक किंवा मंत्रिमंडळाचा निर्णय त्यासाठी पुरेसा नसतो. विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा लागतो. तो कायदाही कोणीही करून चालत नाही. सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत आणि कराचे विषय नावानिशी संघ सूचीत किंवा राज्य सूचीत टाकलेले आहेत. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर संघाकडे, तर जमिनी व इमारतींवरचा कर राज्यांकडे. सूचींत कोठेही नसलेल्या विषयावर कर लावण्याचा उरलेला अधिकार संसदेकडे जातो, राज्याकडे नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे मुख्य प्रकरण तिच्यावरच उभे आहे.

फेब्रुवारीच्या ३०० रुपयांचे उत्तरही येथेच आहे. व्यवसाय किंवा नोकरीवरचा कर राज्ये लावू शकतात, पण तो दिसायला उत्पन्नावरच्या करासारखा असल्याने राज्यांनी त्या वाटेने आयकरच वसूल करू नये, यासाठी अनुच्छेद २७६ ने त्याला आकड्यात मर्यादा घातली आहे. सुरुवातीला ती एका व्यक्तीमागे वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि आजही तेवढीच आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून बरोबर २,५०० होतात. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी लावला. हेतू कितीही चांगला असला, तरी या मर्यादेच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. राज्यघटनेने कराची कमाल रक्कम थेट रुपयांत लिहून ठेवल्याचे असे उदाहरण विरळच.

फी: १९५४ मधील दोन निकाल

फीचा अधिकार राज्यघटनेत करापासून वेगळा दिला आहे. तिन्ही सूचींच्या अखेरीस 'या सूचीतील विषयांबाबत फी' अशा अर्थाची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे एखाद्या विषयावर राज्याला कायदा करता येत असेल, तर त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी फीही घेता येते. कराप्रमाणे प्रत्येक वेळी वेगळी नोंद शोधावी लागत नाही. हा अधिकार सोयीचा असल्यामुळे कराला फीचे नाव देण्याचा मोह राज्यांना होऊ शकतो. हा मोह कोठे अडवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने दिलेल्या दोन निकालांत ठरवले. दुसऱ्या निकालाचा संबंध आपल्याकडच्या, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्याच्या कायद्याशी होता.

१६ मार्चचा निकाल उडुपीच्या शिरूर मठाचा. मद्रास राज्याच्या १९५१ च्या कायद्याने धार्मिक संस्थांना आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत वर्गणी सरकारला देणे भाग पाडले होते आणि ही रक्कम सरकारच्या देखरेखीच्या सेवेपोटी आहे, असे म्हटले होते. न्यायालयाने पैसा कोठे जातो ते पाहिले. वर्गणी राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत, जमा होत होती आणि देखरेख करणाऱ्या खात्याचा खर्च त्याच तिजोरीतून, पण या रकमेशी कोणताही दुवा न ठेवता केला जात होता. जमा आणि खर्च यांचे नातेच नसल्यामुळे ही वर्गणी फी नसून कर आहे, असा निष्कर्ष निघाला. धार्मिक संस्थांवर असा कर लावण्याचा विषय राज्य सूचीत नव्हता, त्यामुळे तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरून रद्द झाला.

१८ मार्चचा निकाल मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाबाबत होता. हाच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे आणि पुण्यातली मंदिरे, शिक्षणसंस्था, वाचनालये आणि तालीम मंडळे त्याखाली नोंदलेली असतात. या कायद्याच्या कलम ५८ खालीही संस्थांकडून वर्गणी घेतली जात होती. वरवर पाहता मद्रासचीच योजना. फरक एकच होता, पण तोच निर्णायक ठरला: येथे वर्गणी सरकारी तिजोरीत न जाता 'सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधी' या वेगळ्या निधीत जमा होत होती, तो निधी धर्मादाय आयुक्तांच्या ताब्यात होता आणि या कायद्याच्या अंमलबजावणीचा खर्च त्यातून भागवायचा होता. घेतलेला पैसा आणि दिलेली सेवा यांत दुवा असल्यामुळे ही वर्गणी फी म्हणून वैध ठरली.

दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनीच लिहिली. दोन्ही कायद्यांत सक्ती सारखी होती, दोन्हीकडे रक्कम उत्पन्नाच्या प्रमाणात होती आणि दोन्हीकडे तिला 'वर्गणी'च म्हटले होते. निकाल बदलला तो पैशाच्या वाटेमुळे.

सेवेचा खर्च १०० आणि वसुली ३००, तर?

वेगळा निधी उघडला की काम संपले, असे नाही. निधीत येणारी रक्कम सेवेच्या खर्चाशी मेळ ठेवणारी असावी लागते. पंजाब आणि हरियाणातील बाजार समित्यांच्या फीबाबत १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. शेतमालाच्या विक्रीवर शेकडा दोन रुपये असलेली फी तीन रुपये करण्यात आली होती आणि तिच्यातला पैसा बाजाराशी संबंध नसलेल्या कामांकडेही वळत होता. त्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेल्या मदतीचाही समावेश होता. महाविद्यालय लोकोपयोगी आहे यात शंका नाही, पण बाजारात माल घेणाऱ्याला बाजार समिती देत असलेल्या सेवेत ते बसत नाही. जमा फीचा बराच मोठा हिस्सा, साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश, त्या सेवेवर खर्च होतो हे वाजवी खात्रीने दाखवता आले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दोन रुपयांचा दर राहिला आणि वरची वाढ रद्द झाली.

आपल्याकडच्या धर्मादाय वर्गणीचेही पुढे असेच झाले. वर्गणीचा दर दोन टक्के होता. म्हणजे वगळण्याजोग्या रकमा सोडून एखाद्या संस्थेचे वर्गणीपात्र उत्पन्न वर्षाला १० लाख रुपये असेल, तर तिला २०,००० रुपये भरावे लागत. लेखापरीक्षण अहवालासोबतचे 'नऊ-सी' हे परिशिष्ट हेच वर्गणीपात्र उत्पन्न दाखवण्यासाठी असते. सेवा म्हणजे धर्मादाय कार्यालयांचे कामकाज: नोंदणी, फेरफार अर्ज, हिशेबांची तपासणी, चौकशा. संस्थांची संख्या आणि उत्पन्न वाढत गेले तशी जमा वाढली, पण कार्यालयांवरचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही आणि निधीत मोठी शिल्लक साचली. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २००९ मध्ये न्यायालयाने पुढील आदेशापर्यंत ही वसुली थांबवली. १९५४ मध्ये ज्या वेगळ्या निधीमुळे वर्गणी तरली होती, त्याच निधीच्या शिलकेमुळे ती अडचणीत आली. फी वैध आहे की नाही, हा प्रश्न एकदा निकाली निघून कायमचा संपत नाही; दर काही वर्षांनी ताळेबंद उघडून तो पुन्हा विचारता येतो.

येथे एक सावधगिरी हवी. १९७९ नंतरच्या निकालांत न्यायालयाने ही कसोटी बरीच सैल केली आहे. रुपयास रुपया असा हिशेब जुळावा लागत नाही आणि फी देणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र लाभ मिळाला पाहिजे असेही नाही; तो ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाला साधारणपणे सेवा मिळत असली तरी चालते. परवाना देणे, तपासणी करणे अशा नियमनाच्या फीला तर सेवेच्या मोबदल्याची अट फारशी लावली जात नाही. तेथे रक्कम अवाजवी नसावी एवढे पाहिले जाते. 'मला काय मिळाले?' या एका प्रश्नावर फी रद्द होईल, ही अपेक्षा म्हणूनच बाळगू नये.

'नळाला पाणी नाही, मग पाणीपट्टी कशाची?'

पुणे महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि तो रास्तही वाटतो. टँकरचे पैसे वेगळे मोजायचे आणि बिलात पाण्याची ओळही असायची, याचा राग येणारच. पण कायद्याचे उत्तर त्या ओळीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. मीटरवर मोजून दिलेल्या पाण्याचा आकार ही सेवेची किंमत आहे. पाणीच दिले नसेल तर तो मागता येणार नाही. मिळकतीच्या करपात्र मूल्यावर टक्केवारीने लावलेला पाण्याचा कर मात्र वेगळा.

उत्तर प्रदेशातल्या अशाच कराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की, नाव 'जलकर' असले तरी तो जमिनी व इमारतींवरचा कर आहे आणि राज्याला तो लावण्याचा अधिकार राज्य सूचीतल्या त्याच नोंदीखाली मिळतो. तो कर असल्यामुळे प्रत्यक्ष पाणी घेतले की नाही, यावर त्याची वैधता ठरत नाही.

याचा अर्थ नागरिकाच्या हाती काहीच नाही, असा होत नाही. राज्यघटनेने अट घातली नसली तरी कर लावणारा कायदा स्वतःवर अटी घालू शकतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपट्टी कोणत्या मिळकतींना लावता येते याच्या अटी दिलेल्या आहेत. पालिकेच्या जलवाहिनीशी जोडणी असणे किंवा त्या भागात पुरेसे पाणी उपलब्ध असल्याची जाहीर सूचना आयुक्तांनी दिलेली असणे, अशा त्या आहेत. म्हणून अशा तक्रारीत 'सेवा नाही तर पैसे नाहीत' या युक्तिवादापेक्षा 'आमच्या भागासाठी अशी सूचना निघाली आहे का?' हा प्रश्न अधिक नेमका आहे. माहिती अधिकारात तो विचारताही येतो.

उपकर: हेतू लिहिलेला कर

मार्केट यार्डात खरेदीदार व्यापारी ज्याला 'सेस' म्हणतात ती कायद्याच्या भाषेत बाजार फी आहे. ती आपण वर पाहिलेल्या फीच्या कसोटीवर तपासली जाते. असे काही उपकर खरोखर फी असतात. पण आपण सर्वाधिक पैसे ज्या उपकरांत भरतो ते कर असतात. उपकर लावण्याचा वेगळा अधिकार राज्यघटनेत नाही. ज्या कराच्या नोंदीवर तो उभा आहे, तिच्या मर्यादा त्याला लागतात. आयकरावरचा उपकर संसद लावू शकते, कारण आयकर संघाचा विषय आहे. मिळकतींवरचा शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महाराष्ट्र लावतो, कारण इमारतींवरचा कर राज्याचा विषय आहे.

खरा परिणाम दिसतो तो वाटपात. पुण्यातल्या एका करदात्याचा आयकर एक लाख रुपये झाला असे समजा. त्याला चार टक्के उपकर धरून १,०४,००० रुपये भरावे लागतील. अनुच्छेद २७० नुसार मूळ कर राज्यांशी वाटून घ्यायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला होता. वसुलीचा खर्च बाजूला ठेवला, तर त्या हिशेबाने लाखातले ४१,००० रुपये सर्व राज्यांना मिळून जात आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे सुमारे २,५९० रुपये असे. वरचे ४,००० रुपये मात्र या वाटपात येतच नाहीत, कारण २००० सालच्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने घडवलेल्या अनुच्छेद २७० मध्ये विशिष्ट हेतूसाठीचे उपकर आणि मूळ करावर जादा आकारले जाणारे अधिभार वाटपाबाहेर ठेवले आहेत. केंद्राने तेच ४,००० रुपये कराचा दर वाढवून घेतले असते, तर त्यातले १,६४० रुपये राज्यांचे झाले असते.

'पण तो पैसा शेवटी शिक्षणावरच खर्च होतो ना?'

केंद्राच्या बाजूने हा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. समग्र शिक्षासारख्या योजनांतून केंद्र राज्यांना पैसे देतेच. पण महाराष्ट्रासारख्या राज्याला त्या योजनेत सर्वसाधारणपणे ४० टक्के स्वतःचे घालावे लागतात आणि खर्चाचे नियम केंद्राचे असतात. करातला वाटा हा राज्याचा हक्क आहे. योजनेतला निधी अटींसह येतो.

शिवाय पैसा ठरलेल्या हेतूकडे पोचतोच, याचीही खात्री नसते. उपकराची रक्कम आधी भारताच्या एकत्रित निधीत जाते आणि मग संसदेच्या मंजुरीने संबंधित राखीव निधीत वळवायची असते. माध्यमिक व उच्च शिक्षण उपकराबाबत नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, २००६-०७ ते २०१६-१७ या काळात जमलेले ८३,४९७ कोटी रुपये त्यासाठीच्या वेगळ्या निधीत गेलेच नव्हते, कारण तसा निधी कार्यरतच नव्हता. हा प्रकार मला फार गंभीर वाटतो. करदात्याकडून जास्तीचा पैसा मागताना हेतू सांगितला होता. तो सांगून झाल्यावर दशकभर त्याचा हिशेबच वेगळा ठेवला गेला नाही.

मग न्यायालयात जाऊन उपकर रद्द करून घेता येईल का?

एवढ्या कारणावर बहुधा नाही. उपकर हा कर असेल, तर मोबदल्याची कसोटी त्याला लागत नाही आणि पैसा हेतूकडे वळवला नाही म्हणून वसुलीचा कायदा आपोआप घटनाबाह्य ठरत नाही. ती चूक खर्चाची धरली जाते, आकारणीची नाही. तिचा जाब विचारण्याची जागा संसद आणि तिची लोकलेखा समिती आहे. उपकर मुळात लावता येतो का, एवढाच प्रश्न न्यायालय प्रामुख्याने तपासते; वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकराबाबत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेला तो अधिकार असल्याचे मान्य केले.

राज्यांच्या दृष्टीने अडचण याहून पुढची आहे. व्यवसाय कराला राज्यघटनेने २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, पण एकूण केंद्रीय वसुलीत उपकर आणि अधिभार यांचे प्रमाण किती असावे यावर तिने कोठेही मर्यादा घातलेली नाही. एखादा उपकर किती वर्षे चालावा, याचेही बंधन नाही. आयकरावरचा शिक्षण उपकर २००४ मध्ये दोन टक्क्यांनी सुरू झाला, २००७ मध्ये तीन टक्के झाला आणि २०१८ मध्ये आरोग्याची जोड मिळून चार टक्क्यांवर गेला. वित्त आयोग राज्यांचा वाटा कितीही ठरवो, तो लागू होतो फक्त वाटपात येणाऱ्या रकमेला, आणि त्या रकमेबाहेर किती पैसा ठेवायचा हे दरवर्षी संसद वित्त विधेयकात साध्या बहुमताने ठरवू शकते.